आमच्या दीड लिटरच्या केटलचा बेस गरम होतोय, वापर थांबवा. बदलून किंवा पैसे परत कसे मिळतील ते आत लिहिलंय

कुपवाडचा_केटलवाला
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिला धागा असला काढावा लागेल असं वाटलं नव्हतं. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, चौदा माणसं, केटल आणि इमर्शन रॉड बनवतो. ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही कारण अॅडमिननी परवानगी देतानाच जाहिरात नको म्हणून बजावलंय. प्रोफाइलवर केटलचा फोटो आहे, ज्यांच्या घरी असेल त्यांना बघितल्या बघितल्या ओळखू येईल.

तर मुद्दा असा की जून ते सप्टेंबर २०२४ मध्ये बनलेल्या काही केटलचा बेस, म्हणजे खालची जी ताटली वायरला जोडलेली असते ती, मधोमध जास्त गरम होते. आतापर्यंत नऊ तक्रारी आल्यात. सहा ठिकाणी प्लास्टिक तपकिरी झालं, दोन ठिकाणी वितळलं, एका ठिकाणी ओट्यावर डाग पडला. कुणाला भाजलेलं नाही, आग लागलेली नाही, पण लागेपर्यंत थांबायचं नाही म्हणून हे लिहितोय. अशा ११८६ केटल बाजारात गेल्यात.

तुमची त्यातली आहे का ते बघायला आधी प्लग काढा, केटल गार होऊ द्या, मग बेस उलटा करा. बेसचा हं, केटलचा नाही, कारण ज्यांच्याकडे दोन केटल आहेत त्यांचे बेस घरात अदलाबदल झालेले असतात आणि दोष बेसमध्ये आहे. स्टिकरवर चार आकडे दिसतील. २४०६, २४०७, २४०८ किंवा २४०९ असेल तर वापर बंद करा, बेस तपकिरी झालेला नसला तरी. आकडे दुसरे असतील तर निवांत चहा करा.

त्यातली निघाली तर स्टिकरचा एक आणि केटलच्या बुडाशी जी पिन असते तिचा एक असे दोन फोटो काढून बेसच्या स्टिकरवर छापलेल्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा. नंबर इथे मुद्दाम देत नाहीये, कारण खाली सांगतो. सोबत बदलून हवं की पैसे परत ते लिहा. बदलून हवं असेल आणि पिन स्वच्छ असेल तर नवा बेस चार-पाच दिवसांत येईल, पिन काळी असेल तर पूर्ण केटल येईल. पैसे हवे असतील तर बिल असल्यास बिलाची रक्कम, बिल नसल्यास १०९९ रुपये, कारण यापेक्षा जास्त भावाने ती कुठेच विकली गेलेली नाही. जुना बेस परत पाठवायचा नाही, वायर कापून त्याचा फोटो पाठवायचा. कुरियरचा खर्च तुमच्यावर पडणार नाही.

आणि आमच्याकडून कुणीही ओटीपी, यूपीआय पिन विचारणार नाही की क्यूआर पाठवणार नाही. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधू नका, स्टिकरवरचाच लावा.

गोट्या
पयला! आणि पहिल्यांदाच एखाद्या कंपनीचा मेसेज वाचून कळला काय म्हणायचंय ते.

फुकटचा_सल्ला
एवढं घाबरायचं काही कारण दिसत नाही मला. घरात एमसीबी असेल तर जास्त करंट गेला की तो आपोआप पडतो, त्यासाठीच असतो तो. आमच्याकडे तर आरसीसीबी पण आहे. बाकी लोक पंधराशे वॅटची केटल लहान सॉकेटला लावतात आणि मग कंपनीला शिव्या देतात.

वायरमन_आप्पा
सल्लासाहेब, सॉकेटबद्दल बोललात ते अर्धं बरोबर, एमसीबीबद्दल मात्र पूर्ण चूक. चाळीस वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो. १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर होतात. सहाच्या सॉकेटला ते काठावरच आहे, म्हणून ही केटल सोळाच्या पॉइंटला लावावी हे खरंच.

पण इथे करंट वाढतच नाहीये. बेसच्या मध्ये ज्या स्प्रिंगच्या पट्ट्या असतात त्या ढिल्या पडल्या की पिनला घट्ट टेकत नाहीत, तिथे थोडासा रोध तयार होतो. समजा अर्धा ओहम झाला. साडेसहाचा वर्ग बेचाळीस, त्याचे निम्मे एकवीस, म्हणजे एकवीस वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याची लहान सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते, ती प्लास्टिकच्या ताटलीत खुपसून ठेवल्यासारखं झालं. आणि एमसीबीला काय दिसतं? करंट साडेसहाच, उलट किंचित कमी. तो कशाला पडेल? आरसीसीबी गळती बघतो, इथे गळतीच नाही. दोघंही शांत बसून राहणार आणि बेस जळत राहणार.

ओळखायची खूण सांगतो. बऱ्याचदा आधी वास येतो, सुकटीसारखा. बायका म्हणतात शेजारी काहीतरी तळतायत. आणि उकळताना केटल जरा हलवली की दिवा लुकलुकतो. हे दोन्ही असेल तर आकडे बघत बसू नका, प्लग ओढा.

सुलेखा_मिरज
अगंबाई!! सुकटीचा वास!! दोन महिने मी फ्रिज धुतेय, मोरी धुतेय, सासूबाई म्हणतात खिडकीतून येतोय. आत्ता जाऊन बघितलं, २४०७. मधे चहाच्या डागासारखं गोल वर्तुळ आलंय, मला वाटलं चहाच सांडलाय, घासत पण होते.

कुपवाडचा_केटलवाला
सुलेखाताई, आता ती लावू नका आणि घासू पण नका, आहे तशीच ठेवून फोटो पाठवा. त्रास झाला, मनापासून सॉरी.
आप्पा, तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं सांगितलंत. पट्ट्या आम्ही फॉस्फर ब्राँझच्या घेतो. मधल्या एका लॉटमध्ये साध्या पितळेच्या आल्या. दिसायला जवळजवळ सारख्याच, नव्या असताना ताणही तेवढाच, म्हणून आमच्या तपासणीत पास झाल्या, पण गरम होऊन होऊन पितळ तीन-चार महिन्यांत मऊ पडतं. आम्ही प्रत्येक केटल एकदा पाणी उकळून बघतो, तिथे हे कळणं शक्यच नव्हतं. आता प्रत्येक लॉटमधले पाच बेस तीनशे वेळा लावून-काढून आणि तापवून बघतोय. हे आधीच करायला हवं होतं हे मान्य.

नांदेडकर_७७
मी दुकानातून घेतली, २४०८ आहे. दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला आमचा संबंध नाही, बिल पण कच्चं दिलंय कागदावर. आता मी काय करू.

हेमांगी_प
एक मिनिट मालक. मी सेलमध्ये ८४९ ला घेतली, बिल आहे, मला ८४९ मिळणार. ज्याने बिल फेकून दिलं त्याला १०९९. मग मी बिल लपवते की!

गोट्या
हेमांगीताईंनी विकेट काढली 😂

कुपवाडचा_केटलवाला
हेमांगीताई, बरोबर पकडलंत. आमच्या अकाउंटवाल्या पोराने पण काल हेच विचारलं होतं आणि मी त्याला गप्प बसवलं. बदलतो. बिल असो नसो, सगळ्यांना १०९९. मूळ पोस्टमध्ये खाली तशी दुरुस्ती टाकतोय.
नांदेडकर, दुकानदाराकडे परत जाऊच नका, सरळ आम्हाला स्टिकरचा फोटो पाठवा, स्टिकर हेच तुमचं बिल. दुकानदाराच्या शेल्फवर उरलेला माल आम्ही क्रेडिट नोट देऊन उचलतोय, त्याच्याशी आमचं आम्ही बघतो.

कोर्टाच्या_पायरीवर
वकील नाही, ग्राहक आयोगात कारकुनी केलीय बरीच वर्षं. धागाकर्त्याचा हेतू चांगला दिसतोय पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे, ती म्हणजे आधी वायर कापून फोटो पाठवा. असं करू नका लोकहो. वायर कापली की वस्तू तुमच्या हातून गेली, आणि उद्या पैसे आले नाहीत तर दाखवणार काय? आधी पैसे किंवा नवी वस्तू हातात, मग कात्री.

दुसरं, ज्यांच्या घरी काही नुकसान झालंय, ओटा जळला, सॉकेट जळला, कुणाला चटका बसला, त्यांनी तर कापायचीच नाही, कंपनीलाही परत द्यायची नाही. पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा, जागेचे फोटो काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी मागता येते, केटलची किंमत परत मिळाली म्हणजे तो हक्क संपला असं नाही. पुरावा म्हणून ती वस्तूच लागते. तक्रार दोन वर्षांच्या आत, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, सांगलीला चकरा मारायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी पण नाही. पण त्याआधी १९१५ ला फोन करून बघा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

कुपवाडचा_केटलवाला
मान्य. उलट करतो. फोटो आले की पैसे अठ्ठेचाळीस तासांत, किंवा बेस तुमच्या घरी पोचला की मग वायर कापा. वायर कापायला सांगायचं कारण एवढंच की भंगारवाल्याकडे गेलेला बेस परत कुणीतरी टेप मारून विकतो. सांगलीच्या जुन्या बाजारात आमचाच माल मी असा बघितलाय.
ओट्याचा डाग ज्यांच्याकडे पडलाय त्यांच्याशी वेगळं बोलतोय, ते इथे लिहिणं बरं दिसणार नाही.

वायरमन_आप्पा
कापताना प्लग भिंतीतून काढून मग कापा रे बाबांनो. हसू नका, लावलेली वायर कापून कात्रीला भोक पाडलेले महाभाग मी बघितलेत.

निवृत्त_पण_व्यस्त
माझ्या केटलमध्ये आत तळाला पांढरे खवले जमलेत आणि पाण्यात तरंगतात, हाच दोष आहे का? आकडे २३११ आहेत. मुलगा म्हणतो फेकून द्या.

सुलेखा_मिरज
काका तो बोअरच्या पाण्याचा क्षार हो. लिंबू पिळून पाणी उकळा, तासभर ठेवा, ओतून द्या. फेकू नका.

प्राची_होस्टेलवाली
माझा प्रॉब्लेम वेगळा आहे. केटल होस्टेलला आहे आणि होस्टेलला केटल अलाउड नाही 🙈 २४०९ आहे. नवा बेस मागवला तर पार्सल रेक्टर उघडतात. घरच्या पत्त्यावर मागवला तर आईला कळेल की मी केटल नेलीय. आणि आम्ही सहाजणी वापरतो ती, दिवसातून दहा-बारा वेळा.

वायरमन_आप्पा
पोरी, सहाजणी आणि दहा-बारा वेळा म्हणजे घरातल्यापेक्षा चारपट लवकर ढिली पडणार ती. त्यात होस्टेलचे सॉकेट आणि वर एक्स्टेंशन बोर्ड असेल. आधी वापर बंद करा. आईचं नंतर बघू.

कुपवाडचा_केटलवाला
प्राचीताई, पैसे परत घ्या, यूपीआयवर येतील, पार्सलच नाही. रेक्टरना काही कळणार नाही आणि मीही काही वाचलं नाही.

प्राची_होस्टेलवाली
😂😂 चालेल. पण मग मॅगीचं काय.

चिपळूणचा_मी
ऑनलाइन घेतली होती, अॅपवर रिटर्नचं बटणच दिसत नाहीये, सात दिवसांची मुदत संपली म्हणतंय. कंपनी म्हणते दोष आहे, अॅप म्हणतं काही नाही. कुणाचं खरं धरू? शिवाय तुम्ही आम्हाला थेट मेसेज का नाही केला, नंबर तर आहे तुमच्याकडे.

कुपवाडचा_केटलवाला
तेच तर नाहीये आमच्याकडे. ऑनलाइन विकलेल्या मालात लहान विक्रेत्याला गिऱ्हाइकाचा खरा नंबर मिळत नाही. लेबल त्यांच्या गोदामातून निघतं, आम्हाला ऑर्डर क्रमांक आणि पिनकोड दिसतो, संपलं. ११८६ पैकी सहाशेच्या वर अशा गेल्यात. आम्ही त्यांना ईमेल करून सगळ्या ऑर्डर क्रमांकांना मेसेज करा म्हणून कळवलंय, आठ दिवस झाले, तिकीट उघडलंय एवढंच उत्तर. त्या सात दिवसांचा आणि याचा संबंध नाही, अॅपकडे जाऊ नका, थेट आमच्याकडे या.

कोर्टाच्या_पायरीवर
त्यांना उत्तरात आठवण करून द्या. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका बड्या ऑनलाइन कंपनीला प्रमाणित नसलेल्या प्रेशर कुकरच्या प्रकरणात आदेश दिला होता, विकलेल्या २२६५ कुकरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, वर एक लाख दंड. म्हणजे कळवता येतं. बटण कुठे आहे ते त्यांना बरोबर माहीत असतं.

वायरमन_आप्पा
मालक, एक राहिलंय. पिन स्वच्छ असेल तर फक्त बेस देणार म्हणताय, ते मला पटत नाही. डोळ्याला स्वच्छ दिसणारी पिन सुद्धा तापून खरबरीत झालेली असते. नव्या ब्राँझच्या पट्टीला तीच पिन घासली की वर्षभरात परत तेच. पांढऱ्या टिश्यूने पिन पुसून बघायला सांगा, काळं आलं तर ती स्वच्छ नाही. फोटोत हे दिसत नाही.

कुपवाडचा_केटलवाला
टिश्यूचं बरोबर आहे, पोस्टमध्ये घालतो. बाकी पूर्ण केटल सगळ्यांना द्यायचं मनात होतं आप्पा, पण खरं सांगतो, बॉडी तयार नाहीत. बेस चार दिवसांत देता येतो, पूर्ण केटलला तीन आठवडे लागतील. परत आलेल्या २६ केटलच्या पिनांवर आम्ही नवे बेस लावून मोजलं, २३ मध्ये काही फरक नाही.

वायरमन_आप्पा
आणि उरलेल्या तीनचं?

कुपवाडचा_केटलवाला
दोनच्या पिना दिसायलाच काळ्या होत्या. एकीची स्वच्छ होती तरी बेस गरम झाला.

वायरमन_आप्पा
हं. ती एकच मला नको होती.

फुकटचा_सल्ला
सव्वीसात एक म्हणजे फार नाही हो आप्पा, तुम्ही पण उगाच.

हेमांगी_प
सल्ला, ती एक तुमच्या घरी आली तर?

कुपवाडचा_केटलवाला
वाद नको. ज्यांना पूर्ण केटल हवी त्यांनी तसं लिहा, तीन आठवडे थांबावं लागेल. ज्यांना बेस चालेल त्यांनी महिनाभराने बेसला हात लावून बघा. पाणी उकळल्या उकळल्या प्लग काढायचा, केटल उचलायची आणि बेसचा मधला भाग बोटाने चाचपायचा. कोमट लागला तर ठीक. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर परत कळवा, मग न विचारता पूर्ण केटल. आप्पांचं समाधान झालेलं नाही हे माहितीय मला.

चिपळूणचा_मी
आत्ता फोन आला होता. 'केटल रिफंड डिपार्टमेंट' म्हणे, हिंदीत. क्यूआर पाठवतो, स्कॅन करून १०९९ टाका आणि पिन मारा, पैसे उलटे येतील. मी फक्त इथे प्रतिसाद लिहिला होता, नंबर कुठून मिळाला?

कोर्टाच्या_पायरीवर
प्रोफाइलवर नंबर उघडा ठेवला असेल, आधी लपवा. पैसे गेले नाहीत ना? गेले असते तर लगेच १९३०, जितक्या लवकर तितकं बरं.

चिपळूणचा_मी
नाही गेले. सुलेखाताईंच्या काकांसारखा भोळा नाही मी.

निवृत्त_पण_व्यस्त
मी त्यांचा काका नाही. आणि मला पण आला होता तो फोन, मी त्याला लिंबू पिळायला सांगितलं.

सुलेखा_मिरज
😂😂😂
अपडेट देते. मंगळवारी फोटो पाठवले, टिश्यू काळा आला, बुधवारी रात्री १०९९ आले. केटल नाही घेतली, सासूबाई म्हणाल्या गॅसवर पातेलं बरं. वायर कापली, प्लग काढून!

नांदेडकर_७७
मला बेस आला, स्टिकरवर २५०१ आहे. चालू आहे. दुकानदाराने मात्र शेल्फवरची एक काल परत विकली माझ्या डोळ्यासमोर.

कुपवाडचा_केटलवाला
नांदेडकर, दुकानाचं नाव इथे नको, मला निरोपात पाठवा. आज फोन करतो, परवा आमचा माणूस लातूरला जातोय तो पुढे येईल.
हिशोब सांगतो. ११८६ पैकी गोदामात आणि दुकानांत मिळून २१४ उचलल्या, गिऱ्हाइकांकडून ३७१ फोटो आले, त्यातले २०० हून जास्त पैसे परत. म्हणजे निम्म्या केटल अजून कुठेतरी चालू आहेत. त्यातल्या चाळीसेक मी स्वतः गणपतीच्या आधी एका प्रदर्शनात स्टॉल लावून रोखीने विकल्या. त्यांचा कुणाचाच नंबर नाही, चेहरे थोडे आठवतात. कोणी त्या चार दिवसांत मिरजेच्या प्रदर्शनातून घेतली असेल किंवा कुणाला दिली असेल तर विचारा.

सुलेखा_मिरज
थांबा, मी तिथूनच तर घेतली होती! दोन घेतल्या होत्या. एकावर शंभर सूट होती. दुसरी रुखवतात दिली भाचीच्या.

कुपवाडचा_केटलवाला
भाची कुठे असते?

सुलेखा_मिरज
इचलकरंजीला. लावतेय फोन, उचलत नाहीये. तिच्या नवऱ्याचा नंबर शोधते.